थकलेला हप्ता, जप्त शेअर आणि सवलतीचा हिशेब

रिलायन्स इंडस्ट्रीजने २०२० मध्ये हक्कभाग विक्रीला काढले, तेव्हा घराघरातल्या डीमॅट खात्यांत एक अनोळखी गोष्ट येऊन बसली. शेअर १,२५७ रुपयांना होता, पण अर्जासोबत भरायचे होते फक्त ३१४.२५ रुपये. तेवढीच आणखी रक्कम २०२१ च्या मे महिन्यात आणि उरलेले ६२८.५० रुपये नोव्हेंबरमध्ये द्यायचे होते. मधल्या काळात हे अंशतः भरणा झालेले शेअर बाजारात RELIANCEPP या वेगळ्या नावाने खरेदी-विक्री होत होते. अनेकांना तेव्हा प्रथमच कळले की शेअरसुद्धा हप्त्याने मिळतो आणि त्याच्या प्रत्येक हप्त्याला मुदत असते.

मग साहजिक प्रश्न येतो: हप्ता भरला नाही तर? पुढच्या हप्त्याची मागणी करणाऱ्या पत्राच्या शेवटी बहुधा एक वाक्य असते, की रक्कम मुदतीत न आल्यास शेअर आणि आधी भरलेले पैसे जप्त होऊ शकतात. तो शेअर कंपनी पुढे दुसऱ्याला विकते, आणि पुष्कळदा दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात विकते. इथे जाणकार वाचकही अडखळतो. शेअर दर्शनी किमतीपेक्षा कमी दराने विक्रीला काढायला कायद्याची बंदी आहे, मग ही सवलत चालते कशी? याचे उत्तर हिशेबाच्या पाच-सहा नोंदींत आहे, आणि त्या ओळीने वाचल्या तरच ते दिसते.

आधी कायद्याची बाजू थोडक्यात. कंपनी कायदा २०१३ च्या पहिल्या अनुसूचीत ‘तक्ता एफ’ नावाची आदर्श नियमावली आहे. कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत वेगळे काही ठरवलेले नसेल तर ती लागू होते. तिच्याप्रमाणे एका वेळी दर्शनी किमतीच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही, दोन हप्त्यांत किमान एक महिन्याचे अंतर लागते आणि प्रत्येक हप्त्यासाठी किमान १४ दिवसांची सूचना द्यावी लागते. मुदत उलटली की थकलेल्या रकमेवर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत व्याज लावता येते. संचालक मंडळाला ते माफही करता येते.

जप्तीपूर्वी आणखी एक स्वतंत्र सूचना द्यावीच लागते. तिच्यात पैसे भरण्याची नवी तारीख असते. ही तारीख सूचना हाती पडल्यापासून १४ दिवसांच्या आतली चालत नाही, आणि त्या तारखेपर्यंत पैसे न आल्यास शेअर जप्तीस पात्र होतील असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे लागते. ती तारीखही गेली, तरच संचालक मंडळ जप्तीचा ठराव करू शकते. आपोआप काहीच जप्त होत नाही.

या पायऱ्या न्यायालये फार काटेकोरपणे तपासतात, कारण इथे एका माणसाची मालमत्ता कुठल्याही खटल्याशिवाय काढून घेतली जात असते. १८७७ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे ‘जॉन्सन विरुद्ध लिटल्स आयर्न एजन्सी’ हा खटला आला. कंपनीने सूचनेत थकलेल्या हप्त्यावर व्याज मागितले होते, पण ते मोजले होते हप्ता मागितल्याच्या दिवसापासून. नियमाप्रमाणे ते हप्ता भरायच्या ठरलेल्या दिवसापासून मोजायला हवे होते. फरक किरकोळ रकमेचा होता, तरी सूचना सदोष ठरली आणि जप्ती रद्द झाली. कंपनी सचिवाने सूचनेचा मसुदा करताना व्याजाची पहिली तारीख दोनदा तपासावी ती याच कारणाने. आणि ज्याच्या हाती अशी सूचना पडते, त्यानेही आधी तोच आकडा पडताळावा.

आता एक उदाहरण घेऊन नोंदींकडे जाऊ. समजा, एका कंपनीने २०,००० शेअर विक्रीला काढले. दर्शनी किंमत १० रुपये, अधिमूल्य म्हणजे प्रीमियम ४ रुपये. अर्जासोबत ३ रुपये, वाटपाच्या वेळी ७ रुपये (त्यांत प्रीमियमचे ४), पहिला हप्ता २ रुपये आणि अंतिम हप्ता २ रुपये. सर्व शेअरसाठी अर्ज आले आणि सर्वांचे वाटप झाले.

दोन भागधारकांचे पैसे थकले. एकाकडे ६०० शेअर होते. त्याने अर्जाचे आणि वाटपाचे पैसे भरले, पुढचे दोन्ही हप्ते भरले नाहीत. त्याला आपण पहिला भागधारक म्हणू. दुसऱ्याकडे ३०० शेअर होते. त्याने फक्त अर्जाचे ३ रुपये भरले. वाटपाचेही नाही आणि हप्त्यांचेही नाही. दोघांतला फरक एकच: पहिल्याकडून प्रीमियम आला आहे, दुसऱ्याकडून आलेला नाही. पुढे हाच फरक नोंदींत उमटतो.

अर्जाची नोंद सरळ आहे, ती सोडून वाटपाकडे येऊ. वाटप होताच २०,००० शेअरवर ७ रुपयांप्रमाणे १,४०,००० रुपये येणे झाले.

शेअर वाटप खाते … नावे १,४०,०००
  शेअर भांडवल खात्याला ६०,०००
  सिक्युरिटीज प्रीमियम खात्याला ८०,०००
(२०,००० शेअरवर वाटपाची रक्कम येणे झाल्याबद्दल)

बँक खाते … नावे १,३७,९००
थकीत रक्कम खाते … नावे २,१००
  शेअर वाटप खात्याला १,४०,०००
(३०० शेअर वगळता वाटपाची रक्कम मिळाल्याबद्दल)

पुढचे सगळे या दोन नोंदींत दडलेले आहे. भांडवल खाते आणि प्रीमियम खाते जमा झाले ते पैसे हाती आले म्हणून नाही, ते येणे झाले म्हणून. दुसऱ्या भागधारकाने एक पैसाही न देता त्याच्या ३०० शेअरचा १,२०० रुपये प्रीमियम कंपनीच्या वहीत जमा होऊन बसला आहे. त्याच्या समोर थकीत रक्कम खात्यात येणे उभे आहे. जोवर ते वसूल होण्याची आशा आहे तोवर यात चूक काही नाही.

पहिल्या हप्त्याचेही तसेच.

पहिला हप्ता खाते … नावे ४०,०००
  शेअर भांडवल खात्याला ४०,०००
(२०,००० शेअरवर प्रत्येकी २ रुपये येणे झाल्याबद्दल)

बँक खाते … नावे ३८,२००
थकीत रक्कम खाते … नावे १,८००
  पहिला हप्ता खात्याला ४०,०००
(९०० शेअर वगळता हप्ता मिळाल्याबद्दल)

अंतिम हप्त्याच्या दोन नोंदी हुबेहूब अशाच, याच आकड्यांच्या. त्यानंतर थकीत रक्कम खात्यात ५,७०० रुपये उभे राहतात: पहिल्याचे २,४०० आणि दुसऱ्याचे ३,३००. ताळेबंदात भांडवल दाखवताना त्यांतली भांडवलाची थकबाकी वजा करून दाखवतात. तिच्यात संचालक आणि कंपनीचे अधिकारी यांच्याकडची थकबाकी किती, हे वेगळे सांगावे लागते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. सामान्य भागधारकाला १४ दिवसांची नोटीस आणि संचालकाच्या थकबाकीवर पांघरूण, असे घडत असेल तर ते या एका ओळीत उघडे पडते.

आता जप्ती. सूचना गेली, मुदत संपली, मंडळाने ठराव केला. पहिल्या भागधारकाची नोंद अशी:

शेअर भांडवल खाते … नावे ६,०००
  थकीत रक्कम खात्याला २,४००
  शेअर जप्ती खात्याला ३,६००
(दोन हप्ते न भरल्याने ६०० शेअर जप्त केल्याबद्दल)

६०० शेअर गेले, म्हणून त्यांच्या नावे चढलेले १० रुपयांचे भांडवल उतरवले. त्यांतले ४ रुपये कधी आलेच नव्हते, ती थकबाकी पुसली. उरलेले ६ रुपये मात्र खरोखर आलेले आहेत आणि ते परत द्यायचे नाहीत, म्हणून ते ‘शेअर जप्ती’ या वेगळ्या खात्यात गेले. घर घेणाऱ्याने सौदा मोडला की इसाराची रक्कम बुडते, तसेच हे.

प्रीमियमचे २,४०० रुपये या नोंदीत कुठेच नाहीत, आणि ते मुद्दामच नाहीत. ते पैसे कंपनीला मिळालेले आहेत. सिक्युरिटीज प्रीमियमची रक्कम कशासाठी वापरता येते ते कायद्याच्या कलम ५२ ने ठरवून दिले आहे, आणि शेअर जप्त झाला म्हणून ती काढून घेण्याची मुभा त्यात नाही. एकदा हाती आलेला प्रीमियम तिथेच राहतो.

दुसऱ्या भागधारकाचे उलट आहे. त्याचा प्रीमियम जमा दाखवला होता, पण आला कधीच नाही. म्हणून तोही उतरवावा लागतो.

शेअर भांडवल खाते … नावे ३,०००
सिक्युरिटीज प्रीमियम खाते … नावे १,२००
  थकीत रक्कम खात्याला ३,३००
  शेअर जप्ती खात्याला ९००
(वाटप व दोन्ही हप्ते न भरल्याने ३०० शेअर जप्त केल्याबद्दल)

ही नोंद करताना मनाशी एकच प्रश्न विचारायचा: या शेअरवर कंपनीच्या हातात खरोखर किती पैसे पडले? उत्तर ३ रुपये, म्हणून जप्ती खात्यात ३०० गुणिले ३, म्हणजे ९००. याहून मोठा आकडा तिथे दिसला, तर कुठेतरी न आलेला पैसा आलेला धरला गेला आहे असे खुशाल समजावे.

इथे एक चूक सर्रास होते. जप्ती अंतिम हप्ता मागण्याच्या आधीच झाली असेल, तर भांडवल खाते १० रुपयांनी नाही, तोवर मागितलेल्या ८ रुपयांनीच नावे करायचे. जे मागितले नाही ते भांडवलात जमाही झालेले नसते, मग ते उतरवणार कुठून? पुस्तकी गणितांत दर्शनी किंमत डोळ्यांपुढे असते आणि हात आपोआप १० कडे जातो. त्यामुळे भांडवल खात्यात प्रत्येक शेअरमागे २ रुपयांचा खड्डा पडतो.

ठरावानंतर दोन्ही माणसे कंपनीचे सभासद राहत नाहीत. मतदान, लाभांश, पुढचे हक्कभाग, सगळे संपते. तरीही तक्ता एफ म्हणतो की जप्तीच्या दिवशी देणे असलेल्या रकमेची जबाबदारी त्यांच्यावर कायम राहते, आणि कंपनीला त्या शेअरचे पूर्ण पैसे मिळाले की ती संपते. शेअर गेला म्हणजे उधारीही फिटली, हा समज चुकीचा आहे.

जप्त शेअर कंपनीने तिजोरीत ठेवून द्यायचे नसतात. ते विकायचे किंवा त्यांची अन्य विल्हेवाट लावायची, आणि कोणत्या अटींवर ते मंडळ ठरवते. समजा मंडळाने पहिल्या भागधारकाच्या ६०० पैकी ४०० शेअर एका नव्या खरेदीदाराला ७ रुपयांना, पूर्ण भरणा झालेले म्हणून विकले. दर्शनी किमतीवर ३ रुपयांची सवलत झाली.

बँक खाते … नावे २,८००
शेअर जप्ती खाते … नावे १,२००
  शेअर भांडवल खात्याला ४,०००
(जप्त ४०० शेअर प्रत्येकी ७ रुपयांना पूर्ण भरणा म्हणून पुन्हा विकल्याबद्दल)

सवलतीचे १,२०० रुपये कोणी भरले ते पाहा. कंपनीने नाही, बाकीच्या भागधारकांनीही नाही. ते जप्ती खात्यातून आले, म्हणजे ज्याने हप्ता चुकवला त्याने आधी भरलेल्या पैशांतून आले. जुन्याचे ६ आणि नव्याचे ७ मिळून त्या एका शेअरवर भांडवलापोटी १३ रुपये आले आहेत. दहाच्या शेअरवर दहापेक्षा कमी आले असे कुठेही झाले नाही.

मूळ विक्रीतली सवलत आणि ही सवलत यांतला फरक इथेच आहे. मूळ विक्रीतली सवलत कायद्याला का खुपते हे समजायला कोलारच्या सोन्याच्या खाणीपर्यंत जावे लागते. ‘ऊरेगम गोल्ड मायनिंग कंपनी ऑफ इंडिया विरुद्ध रोपर’ या खटल्याचा निकाल १८९२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. कंपनी अडचणीत होती आणि तिच्या एक पौंडाच्या शेअरला बाजारात जेमतेम अडीच शिलिंग मिळत होते. पैसा उभा करण्यासाठी तिने एक पौंडाचे नवे अग्रहक्क शेअर काढले आणि त्यावर १५ शिलिंग भरले गेले आहेत असे धरून फक्त ५ शिलिंग घ्यायचे ठरवले. हेतू प्रामाणिक होता, बाजारभावही तेच सांगत होता. तरी न्यायालयाने ठरवले की कंपनीला हा अधिकारच नाही आणि त्या शेअरधारकांनी पूर्ण पौंड भरला पाहिजे. कारण कंपनीला उधार माल देणारा माणूस तिच्या भांडवलाच्या आकड्यावर भरवसा ठेवतो. तिथे पौंड लिहिला असेल तर पौंड आलेला किंवा येणे असलेला हवा.

भारतात १९५६ च्या कायद्याचे कलम ७९ काही अटींवर सवलतीने शेअर काढू देत असे. २०१३ च्या कायद्याच्या कलम ५३ ने ते, स्वेट इक्विटीसारखे मोजके अपवाद सोडता, बंद केले. असा शेअर रद्दबातल ठरतो. जप्त शेअरची फेरविक्री या बंदीत येत नाही, कारण तो शेअर पूर्वीच पूर्ण किमतीने काढला गेलेला असतो. आता होते ती जुन्याच शेअरची विक्री.

म्हणूनच सवलतीला एक कठोर मर्यादा आहे. त्या शेअरवर भांडवलापोटी आधी जितके आले, त्यापेक्षा जास्त सवलत देता येत नाही. पहिल्या भागधारकाच्या शेअरवर ६ रुपये आले होते, तेव्हा तो ४ रुपयांपेक्षा कमीत विकता येणार नाही. दुसऱ्याच्या शेअरवर ३ आले होते, म्हणून तो ७ च्या खाली जाऊ शकत नाही. प्रीमियमचे पैसे या मर्यादेत धरायचे नाहीत. ते भांडवल नव्हे. मर्यादा ओलांडली की फेरविक्री म्हणता म्हणता ऊरेगमचीच गोष्ट पुन्हा घडते.

मात्र ४ रुपयांना विकता येतो म्हणून ४ लाच विकावा, असे कायदा म्हणत नाही. बाजारात भाव ११ असताना जप्त शेअर एखाद्या संचालकाच्या नातलगाला ५ रुपयांना दिला, तर नोंदी जुळतील, पण भागधारकांचा विश्वासघात होईल. संचालकांनी मिळेल तो चांगला भाव घेतला पाहिजे आणि तो कसा ठरवला हे ठरावात लिहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. १० च्या वर भाव आला तर वरचे पैसे पुन्हा सिक्युरिटीज प्रीमियम खात्यात जमा होतात आणि जप्ती खात्याला हात लावावा लागत नाही.

आता शेवटची नोंद. ती पुष्कळांकडून राहते किंवा चुकते. विकलेल्या ४०० शेअरमागे जप्ती खात्यात ६ रुपयांप्रमाणे २,४०० रुपये होते. त्यांतले १,२०० सवलतीत गेले, १,२०० उरले. हा कंपनीचा लाभ आहे, पण धंद्यातला नफा नव्हे; भांडवलाच्या व्यवहारातून उरलेला पैसा आहे. म्हणून तो नफा-तोटा खात्यात न नेता भांडवली राखीव खात्यात न्यायचा.

शेअर जप्ती खाते … नावे १,२००
  भांडवली राखीव खात्याला १,२००
(पुन्हा विकलेल्या ४०० शेअरवरील शिल्लक वर्ग केल्याबद्दल)

उरलेल्या २०० शेअरचे १,२०० रुपये मात्र जप्ती खात्यातच राहू द्यायचे. ते शेअर अजून विकलेले नाहीत, पुढे त्यांवर सवलत द्यावी लागू शकते, आणि ती द्यायला दुसरा पैसा नाही. अख्ख्या ६०० शेअरची शिल्लक एकदम राखीव खात्यात नेली, तर उरलेले २०० विकताना जप्ती खाते रिकामे निघते. नोंदींच्या क्रमाचे महत्त्व इथे कळते: आधी विक्री, मग तेवढ्याच शेअरपुरती शिल्लक मोजणे, मग तेवढीच वर्ग करणे.

दुसऱ्या भागधारकाचे ३०० शेअर, समजा, सगळे ८ रुपयांना विकले गेले.

बँक खाते … नावे २,४००
शेअर जप्ती खाते … नावे ६००
  शेअर भांडवल खात्याला ३,०००
(जप्त ३०० शेअर प्रत्येकी ८ रुपयांना पुन्हा विकल्याबद्दल)

शेअर जप्ती खाते … नावे ३००
  भांडवली राखीव खात्याला ३००
(या ३०० शेअरवरील शिल्लक वर्ग केल्याबद्दल)

या शेअरवर प्रीमियम कधीच आला नाही, आणि नव्या खरेदीदाराकडूनही मागितला नाही. इतरांनी १४ रुपये दिले, इथे ३ आणि ८ मिळून ११ आले. हे नियमाला धरून आहे, कारण दर्शनी किंमत पूर्ण झाली आहे.

दोन्ही गट एकत्र करून सरासरी काढण्याचा मोह होतो, आणि तो घात करतो. जप्ती खात्यात एकूण ४,५०० रुपये जमा झाले होते, शेअर ९००, म्हणून दर शेअरला ५ रुपये असे धरून विकलेल्या ७०० शेअरवर ३,५०० काढले आणि सवलतीचे १,८०० वजा केले, तर राखीव खात्यात १,७०० जातील. खरा आकडा १,२०० आणि ३०० मिळून १,५०० आहे. दोनशे रुपयांचा फरक लहान दिसतो, पण तो न विकलेल्या शेअरच्या वाट्यातून चोरलेला असतो. त्यामुळे जप्ती खात्यात १,२०० ऐवजी १,००० उरतात. पुढे ते २०० शेअर कायद्याने चालणाऱ्या ४ रुपयांना विकायचे ठरले, तर सवलत १,२०० ची लागते आणि खात्यात तेवढे नसतात. यासाठी जप्तीच्या ठरावात शेअरचे विशिष्ट क्रमांक लिहिलेले असावेत, किंवा डीमॅटमध्ये कोणाच्या खात्यातले किती ते स्पष्ट असावे, आणि फेरविक्रीच्या ठरावात नेमके कोणते शेअर विकले याचा उल्लेख असावा.

हिशेब बरोबर आहे का हे पाहायला एक सोपी झडती घेता येते. आपल्या कंपनीच्या बँकेत एकूण किती आले? अर्जाचे ६०,०००, वाटपाचे १,३७,९००, दोन हप्त्यांचे ७६,४०० आणि दोन फेरविक्रींचे ५,२००, बेरीज २,७९,५००. दुसऱ्या बाजूला १९,८०० शेअरचे भांडवल १,९८,०००, जप्त शेअरचे उरलेले १,२००, प्रीमियम ७८,८०० आणि भांडवली राखीव १,५००. तीही बेरीज २,७९,५००. ताळेबंदात जप्त शेअरचे १,२०० रुपये भांडवलाच्याच शीर्षकाखाली, ‘जप्त शेअरवर मुळात भरलेली रक्कम’ म्हणून वेगळे दाखवतात. एखाद्या जुन्या कंपनीच्या वार्षिक अहवालात भांडवलाच्या टिपणीत अशी छोटी, वर्षानुवर्षे न हललेली रक्कम दिसली, तर समजावे की कधीकाळी जप्त झालेले काही शेअर अजून पुन्हा विकले गेलेले नाहीत.

नव्या खरेदीदाराच्या मनात एक धास्ती असते: जुना मालक उद्या येऊन हक्क सांगेल का? त्यासाठी तक्ता एफने सोय केली आहे. संचालक, व्यवस्थापक किंवा सचिव यांच्यापैकी एकाने, शेअर अमुक तारखेला रीतसर जप्त झाला, असे सत्यापित घोषणापत्र करायचे. शेअरवर हक्क सांगणाऱ्या कोणाहीविरुद्ध ते निर्णायक पुरावा मानले जाते. खरेदीदाराने ते मागून घ्यावे. जप्तीत किंवा विक्रीत काही गफलत निघाली तरी त्यामुळे त्याच्या मालकीला बाध येत नाही, असेही ही नियमावली सांगते.

आणि ज्याचा शेअर जप्त झाला आहे, त्यालाही विक्री होईपर्यंत एक दार उघडे असते. विक्रीपूर्वी केव्हाही मंडळ स्वतःला योग्य वाटतील त्या अटींवर जप्ती रद्द करू शकते. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, घरात आजारपण होते, मालक वारला आणि वारसांना पत्ताच नव्हता, अशी कारणे असतात. अशा वेळी थकलेला हप्ता आणि भरायच्या तारखेपासूनचे व्याज भरायची तयारी दाखवून कंपनी सचिवाकडे लेखी अर्ज करावा, सोबत कारणाचा पुरावा जोडावा. मंडळाने मान्य केले तर जप्तीची नोंद उलटी फिरते: जप्ती खाते आणि थकीत रक्कम खाते नावे, भांडवल खात्याला जमा, प्रीमियम उतरवला असेल तर तोही परत जमा. मग भरलेल्या पैशांनी थकीत रक्कम खाते बंद होते. आपल्या उदाहरणात पहिल्या भागधारकाच्या न विकलेल्या २०० शेअरपुरता असा अर्ज अजूनही करता येईल. विकल्या गेलेल्या ४०० शेअरसाठी ती वेळ निघून गेली आहे.